नावदुरुस्ती की नावबदल?

बँकेच्या शाखेत एखाद्या ज्येष्ठ गृहिणीने जाऊन सांगावे की संयुक्त खात्यावरचे माझे नाव चुकीचे लिहिले गेले आहे, ते आधारप्रमाणे करून द्या, आणि समोरून उत्तर यावे की मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करा, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्या, राजपत्रात नाव छापून आणा. हे उत्तर देशभर इतक्या सहजपणे दिले जाते की तो नियमच असावा असे ग्राहकालाही वाटू लागते. तो नियम नाही. दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करून तयार झालेली ती एक सवय आहे, आणि तिचा भार चूक करणाऱ्यावर न पडता चूक सोसणाऱ्यावर पडतो, हा माझा आक्षेप आहे.

त्या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू. नावबदल म्हणजे ग्राहकाचे नावच बदलणे. विवाहानंतर माहेरचे नाव टाकून सासरचे घेतले, किंवा कोणी आडनाव बदलले, तर जुनी ओळखपत्रे एका नावाची आणि व्यक्ती दुसऱ्या नावाची अशी स्थिती होते. अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक-ओळखविषयक निर्देशांत २०१६ पासून स्पष्टीकरण आहे की, राज्य शासनाचे विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील अधिसूचना जोडली तर जुन्या नावाचा दस्तऐवजही वैध धरावा. येथे 'किंवा' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन्ही मागण्याचा अधिकार त्यातून निघत नाही. नावदुरुस्ती ही गोष्ट मुळातच वेगळी. तेथे ग्राहकाचे नाव कधी बदललेलेच नसते. ते बँकेने चुकीचे नोंदवलेले असते. तेव्हा पुरावा हवा तो नाव बदलल्याचा नव्हे, तर नोंद चुकल्याचा. आणि तो पुरावा बहुतेक वेळा बँकेच्याच कपाटात असतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या गल्लतीचा उपद्रव अधिक होतो. आपली नावे लिहिण्याची रीत म्हणजे स्वतःचे नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव आणि आडनाव. उत्तरेत मधल्या नावाची ही रीत सर्वत्र नाही, दक्षिणेत आद्याक्षरे पुढे येतात, आणि संगणकाच्या रकान्यांना तर कोणतीच रीत ठाऊक नसते. भर म्हणून 'राव', 'बाई', 'ताई' ही आदरार्थी शेपटे कधी नावाला चिकटतात, कधी गळतात.

माझ्या माहितीतले एक प्रकरण सांगतो. नावे बदलली आहेत. केंद्रीय कार्यालयातून निवृत्त झालेले एक सहकारी भोपाळला स्थायिक झाले. १९९८ साली त्यांनी पत्नीसह संयुक्त खाते उघडले, तेव्हा अर्जावर 'सौ. सुलभा वसंत कुलकर्णी' असे लिहिले होते. पुढे हस्तलिखित खतावण्यांतली नावे संगणकावर चढली, तेव्हा 'सौ.' ही उपाधी आहे हे नोंद करणाऱ्याला कळले नसावे. पडद्यावर दुसऱ्या खातेदाराचे नाव उमटले ते SOU SULBHA KULKARNI. आधार, पॅन आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, या तिन्हींवर मात्र Sulabha Vasant Kulkarni असेच आहे.

कोणी म्हणेल की खाते तर चालते आहे, मग बिघडले कुठे? बिघडत नाही ते पहिला खातेदार हयात आहे तोवरच. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकाला पत्नीबरोबरच्या संयुक्त खात्यात निवृत्तिवेतन घेता येते, आणि त्याच्या पश्चात त्याच खात्यात कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हावे हाच त्या सोयीचा हेतू आहे. मृत्यूचा दाखला घेऊन ती बाई शाखेत जाते, तेव्हा बँक प्रथम पीपीओवरचे नाव आणि खात्यावरचे नाव ताडून पाहते. ती जुळली नाहीत की सोय म्हणून काढलेले खातेच अडसर होते. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला देताना आधारवरचे नाव पुन्हा त्या पंक्तीत येऊन बसते. अलीकडे तर पैसे पाठवणाऱ्याला आधी लाभधारकाचे बँकेतील नाव दाखवण्याची सोय आरटीजीएस आणि एनईएफटीमध्ये २०२५ पासून आली आहे. खात्यावर 'सौ' हेच पहिले नाव दिसले तर पाठवणारा थबकणारच. जी दुरुस्ती दोघे हयात असताना एका पत्राने व्हायची, ती पतीच्या पश्चात एकटीने, दुःखात आणि परक्या प्रांतात करावी लागते.

आता बँकेची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. संयुक्त खात्यात नावदुरुस्तीच्या मिषाने माणूसच बदलला जाण्याचा धोका असतो. 'सुलभा'ची 'शोभा' करा, असे कोणी म्हणाले तर ती दुरुस्ती नव्हे, आणि व्यवस्थापकाने तेथे थांबलेच पाहिजे. परंतु माणूस तोच आहे हे ओळखायची साधने बँकेकडे असतात: जन्मतारीख, छायाचित्र, नमुना स्वाक्षरी, पॅन आणि जुना अर्ज. ही पाच जुळत असतील आणि फरक केवळ स्पेलिंगचा, उपाधीचा किंवा गळलेल्या मधल्या नावाचा असेल, तर संशयाला जागा राहत नाही. याउलट प्रतिज्ञापत्राने काय सिद्ध होते? जी व्यक्ती काउंटरसमोर उभी राहून स्वतःचे नाव सांगते, तीच व्यक्ती तेच नाव मुद्रांकावर सांगते. फसवणूक करणाराही ते थोडक्या पैशांत करून आणतो. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००९ मध्ये आपल्या बाराव्या अहवालात स्वयंप्रमाणनाचा पुरस्कार केला होता. बँकांच्या काउंटरपर्यंत तो विचार अजून पुरता पोहोचलेला नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यातला साधा हिशेब दिसतो. चुकीचा खर्च त्याच्यावर टाकावा, ज्याला ती सर्वांत कमी खर्चात टाळता किंवा दुरुस्त करता येते. बँकेला जुना अर्ज काढून पाहायला अर्धा तास लागेल. सत्तरीच्या बाईला नोटरी, वर्तमानपत्र आणि राजपत्र यांत काही महिने जातील. अर्धा तास वाचवण्यासाठी काही महिने खर्ची घालणारी व्यवस्था काटकसरी नव्हे. ती फक्त स्वतःचा खर्च दुसऱ्याच्या वहीत मांडते. 'जुना अर्ज सापडत नाही' हेही उत्तर चालू नये. धनशोधन प्रतिबंधक कायद्यानुसार ग्राहकाच्या ओळखीची कागदपत्रे खाते बंद झाल्यानंतरही पाच वर्षे जपायची असतात, मग चालू खात्याची कशी हरवतात?

म्हणून पत्र विनवणीच्या सुरात लिहू नये. 'माझ्या नावात बदल करावा' असे लिहिले की आपण स्वतःहून नावबदलाच्या रांगेत उभे राहतो. त्या कुटुंबाने शेवटी दिलेल्या पत्राचा मजकूर साधारण असा होता. स्थानिक भाषेत तो तसाच उतरवता येईल.

"विषय: संयुक्त बचत खात्यातील दुसऱ्या खातेदाराच्या नावाच्या नोंदीतील चुकीची दुरुस्ती.

महोदय, वरील खाते आम्ही १९९८ मध्ये आपल्या शाखेत उघडले. उघडण्याच्या अर्जावर दुसऱ्या खातेदाराचे नाव सुलभा वसंत कुलकर्णी असे असून 'सौ.' ही उपाधी आहे. आपल्या संगणकीय नोंदीत उपाधी हीच नाव म्हणून दाखल झाली असून मधले नाव गळले आहे. माझ्या नावात कोणताही बदल झालेला नाही. त्यामुळे विवाह प्रमाणपत्राचा वा राजपत्राचा प्रश्न उद्भवत नाही. कृपया मूळ अर्ज आणि नमुना स्वाक्षरी पाहून, सोबतच्या आधार, पॅन व पीपीओच्या स्वसाक्षांकित प्रतींप्रमाणे नाव दुरुस्त करावे. ही दुरुस्ती माझ्या ग्राहक-नोंदीत, खात्याच्या शीर्षकात आणि आमच्या संयुक्त मुदत ठेवींवर अशा तिन्ही ठिकाणी व्हावी. अन्य कागद आवश्यक वाटल्यास तो कोणत्या नियमान्वये हवा, हे लेखी कळवावे."

खाली दोघांच्याही स्वाक्षऱ्या, जुन्या नमुन्याप्रमाणे. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही. या शेवटच्या वाक्याचा परिणाम मी पाहिला आहे: तोंडी मागितलेले राजपत्र लेखी कोणी मागत नाही.

'तिन्ही ठिकाणी' हा आग्रह विनाकारण नाही. बँकेच्या प्रणालीत प्रत्येक संयुक्त खातेदाराची ग्राहक-नोंद स्वतंत्र असते आणि खात्याचे शीर्षक स्वतंत्र. एक बदलले म्हणून दुसरे आपोआप बदलेलच असे नाही. या कुटुंबाच्या पासबुकावर पंधरा दिवसांत नाव दुरुस्त होऊन आले, पण मुदत ठेवीच्या पावतीवर 'सौ' तशीच राहिली, आणि त्यासाठी दुसरे पत्र द्यावे लागले. म्हणून नवीन पासबुकाचे पहिले पान, खात्याचा उतारा आणि ठेवीची पावती ही तिन्ही हाती घेऊन अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. काउंटरवरच्या 'हो गया' या शब्दांवर विसंबू नये.

पत्र देण्यापूर्वीही एक काम आहे. आपली ओळखपत्रे आपसांत जुळतात का, हे आधी पाहावे. आधारवरच चूक असेल तर ती प्रथम सुधारावी, मात्र आधारमधील नाव साधारणतः दोनदाच बदलता येते, म्हणून अंतिम रूप ठरवूनच अर्ज करावा. पीपीओवर चूक असेल तर बँक काहीही करू शकत नाही; तो अर्ज जेथून निवृत्त झालो त्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे जातो आणि सुधारित आदेश वेतन व लेखा कार्यालयामार्फत बँकेकडे येतो. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे शुल्क न भरता तक्रार करता येते. तेथे तारखेची ती शिक्क्याची प्रतच कामाला येते.

बँकांनी करायचे ते याहून थोडे आहे. नावबदल आणि नावदुरुस्ती यांचे दोन वेगळे अर्ज छापावेत, आणि दुरुस्तीच्या अर्जावर पहिला रकाना बँकेने भरायचा ठेवावा: 'मूळ अर्ज पाहिला, त्यावरील नाव अमुक.' तो रकाना भरल्याखेरीज ग्राहकाकडे एकही नवा कागद मागता येऊ नये.