कीर्तन पोचते, निरूपण पोचत नाही

कीर्तनाच्या आणि महापूजेच्या चित्रफितींना कर्णबधिरांसाठी कॅप्शन आणि दृष्टिहीनांसाठी दृश्याचे बोलके वर्णन, म्हणजे ऑडिओ डिस्क्रिप्शन, जोडा असे म्हटले की तीन आक्षेप ठरलेले असतात. भक्ती भावाची असते, तिला शब्द कशाला? कॅप्शन तर यंत्रच आपोआप करते, मग वेगळे कष्ट कशाला? आणि मध्येच कोणी वर्णन करू लागले तर रसभंग होणार नाही का?

पहिला आक्षेप घेणाऱ्यांना वारकरी कीर्तनाची रचना आठवत नसावी. कीर्तनकार एक अभंग घेतात आणि त्याचा पदर न् पदर उलगडतात, एकेका मुद्द्याला गाथेतले नि ज्ञानेश्वरीतले प्रमाण देतात. ऐकू न येणाऱ्याला टाळकऱ्यांची पावली दिसते, निरूपण मात्र हातचे जाते. यात जन्मभर कीर्तन ऐकलेले आणि उतारवयात कान गेलेले कितीतरी श्रोते आहेत. त्यांना वाचता येते, गाथाही ओळखीची असते. त्यांच्यासाठी पडद्यावरचा शब्द म्हणजेच कीर्तन.

‘दृष्टी नसूनही संत झालेच ना?’ असे विचारणारे गुलाबराव महाराजांचा (1881–1915) दाखला देतात. त्यांची दृष्टी तान्हेपणीच गेली होती आणि तरी त्यांनी विपुल ग्रंथरचना केली, हे खरेच. पण त्यांना ग्रंथ वाचून दाखवणारी माणसे जवळ होती. चित्रफितीपुढे एकट्या बसलेल्या दृष्टिहीन भक्तासाठी आपण मागतो आहोत तीही अशीच सोबत आहे.

दुसरा आक्षेप जास्त फसवा आहे. यंत्राचा कान आजच्या बोलीवर तयार झालेला असतो. कीर्तनात टाळ, मृदंग आणि गाणे एकाच वेळी चालते, आलापात ओळ ताणली जाते, प्रमाणाची मराठी कित्येक शतकांपूर्वीची असते. न कळलेल्या शब्दाच्या जागी यंत्र जवळपासचा आधुनिक शब्द ठेवते. वाक्य गुळगुळीत दिसते, त्यामुळे न ऐकणाऱ्याला चूक कळण्याचा मार्गच नसतो, आणि संतांच्या नावावर त्यांनी न म्हटलेले शब्द जातात. खात्री करायची तर दहा मिनिटांचे कीर्तन आवाज बंद करून पाहावे आणि त्यातले प्रत्येक प्रमाण छापील गाथेशी ताडावे.

बरोबर पद्धत अवघड नाही. अभंग आणि ओव्या कानाने न उतरवता छापील प्रतीवरून घ्याव्यात, निरूपण मात्र ऐकून लिहावे. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण चाळीस अक्षरे. कीर्तनकार भरभर बोलतात तिथे ‘बरं का’, ‘मायबापहो’ अशी पालुपदे थोडी गाळावीत, मुद्दा गाळू नये. ध्रुपद आठ वेळा आले तर ओळ गात असेपर्यंत पडद्यावर ठेवून ‘[टाळकरी ध्रुपद धरतात, लय वाढते]’ अशी खूण द्यावी. लय चढल्याचे कळले की गजराचा जोरही वाचणाऱ्यापर्यंत पोचतो.

रसभंगाचा आक्षेप परंपरेपुढे टिकत नाही. वारकरी भजनाची सुरुवातच रूपाच्या अभंगाने होते. विटेवर उभा, कर कटीवर, गळ्यात तुळशीहार असा विठ्ठल आधी शब्दांत उभा करायचा आणि मग पुढे जायचे, ही आपली रीत आहे. मग पंढरपूरच्या महापूजेचे वर्णन उपरे कसे ठरेल? पंचामृतस्नान चालले असताना दृष्टिहीनाला फक्त मंत्र ऐकू येतात. दूध झाले की दही, मध केव्हा आला, हे त्याला कळत नाही. दोन मंत्रांमधल्या श्वासाएवढ्या जागेत ‘आता दह्याची धार’ एवढे तीन शब्द बसतात. पूजेनंतर अलंकार चढतात तेव्हा ‘मस्तकी मुकुट, गळ्यात तुळशीची माळ’ एवढे पुरते. मंत्र अखंड असतील तर चित्र क्षणभर थांबवून वर्णन देणारी आवृत्ती वेगळी करावी, किंवा गाभाऱ्याचे वर्णन पूजा सुरू होण्याआधीच द्यावे. ‘भावपूर्ण’, ‘विलोभनीय’ अशी विशेषणे टाळावीत. दिसते ते सांगावे, भाव ऐकणाऱ्याचा असतो. आणि हे वर्णन वेगळ्या आवाजपट्टीवर असले की ज्यांना ते नको त्यांच्या कानी ते पडतही नाही.

मर्यादाही सांगायला हवी. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. जुन्या मराठीचे कॅप्शन त्यांना पुरत नाही, त्यांच्यासाठी पडद्याच्या कोपऱ्यात सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम 42 ही तिन्ही साधने नाव घेऊन सांगते.

म्हणून मागणी नेमकी आहे. कीर्तनाचे चित्रण करणाऱ्या प्रत्येक मंडळाने कीर्तनकारांकडून अभंगाची आणि प्रमाणांची यादी आधीच मागून घ्यावी आणि कॅप्शनवर शेवटचा हात गाथा जाणणाऱ्याचा फिरवावा. दृश्यवर्णन पूजाविधी ठाऊक असलेल्याने लिहावे आणि प्रसिद्ध करण्यापूर्वी एका दृष्टिहीन भक्ताला ऐकवावे. त्याला न कळलेली जागा पुन्हा लिहावी. गाथा छापलेली आहे, पूजेचा क्रम ठरलेला आहे, जाणकार गावोगावी आहेत. इतकी तयारी हाताशी असताना कॅमेऱ्यावर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा इकडे न वळवणे याला कोणतीही सबब पुरत नाही.