स्कॅनिंग अ‍ॅप बदलू नका, आधी कागदाखालचं टेबल बदला

"सर, पान कोरं सेव्ह होतंय, दुसरं अ‍ॅप सांगा," अशी कमेंट दर आठवड्याला येते. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा दोष अ‍ॅपचा नसतो. हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय.

कर्जाच्या अर्जासाठी दुकानाचा सहा पानी भाडेकरार मोबाईलवर स्कॅन केला. चार दिवसांनी फाईल परत आली. का, तर शेवटच्या पानावरच्या सह्या गायब!

झालं असं की माझं काउंटर पांढरं आणि कागदही पांढरा. अ‍ॅप कागदाची कड ओळखतं ते कागद आणि पार्श्वभूमी यांच्या रंगातल्या फरकावरून. तो फरकच नव्हता, म्हणून त्याने सह्यांच्या वरची छापील आडवी रेघ हीच कड समजून खालचा भाग कापला. आता मी कागदाखाली काळी फाईल ठेवतो, चारही बाजूंना थोडी जागा सोडतो आणि ऑटो कॅप्चर बंद ठेवून स्वतः बटण दाबतो. मग चारही कोपरे बोटाने ओढून तपासतो. हे पीडीएफ बनवण्याआधीच करा. एकदा पीडीएफ झाली की त्यातून कापलेला भाग परत मिळत नाही.

आता कोऱ्या पानाचं बघू. फोटो काढतानाच स्क्रीन काळी दिसत असेल तर परवानगी तपासा. अँड्रॉइडमध्ये Settings, Apps, तुमचं अ‍ॅप, Permissions, Camera इथे जाऊन "Allow only while using the app" निवडा. तरीही काळंच असेल तर वरून खाली ओढायच्या पट्टीतलं "Camera access" बघा. अँड्रॉइड 12 पासून आलेलं हे बटण बंद असेल, तर परवानगी देऊनही कॅमेरा चालत नाही.

पण स्क्रीनवर कागद नीट दिसतोय आणि सेव्ह झाल्यावर पान पांढरं, तर संशय फिल्टरवर घ्या. बिलबुकातल्या कार्बन कॉपीची फिकट अक्षरं ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर चक्क पुसून टाकतो. अशा पावतीला कलर किंवा ओरिजिनल ठेवा.

राहिला फॉरमॅट. जेपीजीमध्ये सहा पानांचे सहा वेगळे फोटो होतात आणि अपलोड करताना एखादं राहून जातं. म्हणून करारासारख्या कागदाला एकच पीडीएफ करा. पोर्टलने फक्त फोटो मागितला असेल तरच जेपीजी.

शेवटी, अ‍ॅपमधलं छोटं चित्र बघून समाधान मानू नका. सेव्ह झालेली फाईल फोनच्या Files मधून उघडा, पानं मोजा, शेवटचं पान झूम करून सह्या वाचा. मला यात एक मिनिट लागलं असतं. ते वाचवायला गेलो आणि चार दिवस घालवले.