द्राक्षे, मोसंबी आणि रक्तदाबाची गोळी

घरात रक्तदाबाची गोळी सुरू झाली की कोणीतरी शिकलेला मुलगा नाहीतर सून मोबाइलवर त्या गोळीचे नाव शोधते आणि सांगते, "आबा, या गोळीवर ग्रेपफ्रूट चालत नाही." ग्रेप म्हणजे द्राक्ष आणि फ्रूट म्हणजे फळ, एवढे इंग्रजी आपल्याला येते. त्या दिवसापासून आबांची द्राक्षे बंद होतात. मग शेजारचे कोणी म्हणते की ग्रेपफ्रूट म्हणजे मोसंबी, तेव्हा मोसंबीही बंद होते. संत्रे, लिंबू असे एकेक फळ ताटातून उठते. काही घरांत तर "या गोळीला फारच पथ्ये दिसतात" म्हणून गोळीच बंद होते आणि नुकसान होते ते तिथे. म्हणून आज हा गुंता नीट सोडवू.

ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे. ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातले, मोसंबीपेक्षा मोठे, पिवळ्या सालीचे आणि आतून पांढरट किंवा गुलाबी असे कडवट-आंबट फळ आहे. झाडावर घोसाने लागते म्हणून इंग्रजांनी त्याला द्राक्षाचे नाव दिले असे सांगतात. आपल्या आठवडी बाजारात ते दिसत नाही. मोठ्या शहरांतल्या महागड्या दुकानांत मिळते आणि खोक्यातल्या रसातही असते. परदेशात, आखाती देशांतसुद्धा, ते सर्रास मिळते. आपले पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून ते तयार झाले. म्हणजे पपनस हे त्याच्या आईबापांपैकी एक. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

या फळाचा आणि गोळीचा संबंध कळला तो योगायोगाने. कॅनडात डेव्हिड बेली नावाचे संशोधक फेलोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपावी म्हणून त्यांनी ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिली. रक्त तपासले तर गोळीचे प्रमाण नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाले, आणि ज्यांना दारू न घालता नुसता रस दिला होता त्यांच्यातही तसेच निघाले. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. मग १९९१ साली त्यांनी सहा माणसांवर पुन्हा प्रयोग केला. रसाबरोबर घेतलेली फेलोडिपिन पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीच्या सरासरी पावणेतीन पटींहून जास्त रक्तात उतरली. कोणाला दीड पट, तर कोणाला चार पटींहूनही जास्त. साध्या संत्र्याच्या रसाने मात्र काहीच फरक पडला नाही.

असे का होते? आपण गोळी गिळतो, पण ती सगळीच्या सगळी रक्तात पोहोचत नाही. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात एक विकर असते. डॉक्टर त्याला एन्झाइम म्हणतात आणि या विशिष्ट विकराचे नाव सीवायपी थ्री ए फोर असे आहे. बाहेरून आलेली कित्येक औषधे ते मोडून टाकते. फेलोडिपिनचे शंभर भाग गिळले तर या तोडमोडीनंतर साधारण पंधराच भाग रक्तात पोहोचतात. कंपनीने गोळीची ताकद ठरवताना हे गृहीत धरलेलेच असते. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्ये आतड्यातल्या या विकराला कायमचे निकामी करतात. मग तोडणारेच कोणी उरत नाही आणि पंधराच्या जागी चाळीसेक भाग रक्तात शिरतात. माणूस गिळतो पाच मिलिग्रॅमची गोळी, पण अंगात काम करते ती चौदा मिलिग्रॅमसारखी.

यावर पुष्कळजण तोडगा काढतात की रस सकाळी पिऊ आणि गोळी संध्याकाळी घेऊ. तो इथे चालत नाही. रस आणि गोळी पोटात एकमेकांना भेटतात म्हणून हे होत नसते. विकर एकदा मेले की शरीराने नवे तयार करीपर्यंत वाट पाहावी लागते. एक पेला रस प्यायल्यावर चोवीस तासांनीही परिणाम दिसतो आणि पूर्ण ओसरायला दोन-तीन दिवस लागतात. त्यासाठी लिटरभर रस लागत नाही. दोनशे मिलिलिटर, म्हणजे एक पेला, किंवा एक अख्खे फळ पुरते.

आता आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सर्वांत जास्त दिली जाते त्या अॅम्लोडिपिनकडे वळू. ही फेलोडिपिनचीच बहीण, पण स्वभावाने वेगळी. तिचे शंभर भाग गिळले तर चौसष्ट ते नव्वद भाग तसेही रक्तात पोहोचतात. आतड्यात तिची तोडमोड फारशी होतच नाही. म्हणून तोडणारा निकामी झाला तरी वाढून वाढणार किती? शंभरातले नव्वद आधीच पोहोचले असतील तर उरले दहाच. प्रत्यक्ष मोजणीतही तेच दिसले. एका तपासणीत ग्रेपफ्रूटच्या रसाने अॅम्लोडिपिनचे प्रमाण सुमारे सोळा टक्के वाढले, पण रक्तदाबात फरक पडला नाही. वीस निरोगी माणसांवरच्या दुसऱ्या तपासणीत लक्षात घेण्याजोगी वाढच आढळली नाही. शिवाय ही गोळी अंगात सावकाश मुरते. ती निम्मी ओसरायला तीस ते पन्नास तास लागतात, त्यामुळे तिचे प्रमाण एकदम उसळत नाही.

तरीही इंग्लंडमध्ये अॅम्लोडिपिनसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट खाऊ नका असे लिहिलेले असते. अमेरिकेच्या माहितीपत्रकात मात्र त्याने विशेष फरक पडत नाही असे म्हटलेले आहे. मोबाइलवर कोणाला हे दिसते, कोणाला ते, आणि घरात वाद होतो. माझे मत विचाराल तर, जे फळ आपण वर्षात एकदाही खात नाही ते अॅम्लोडिपिनवर टाळायला काहीच अवघड नाही. पण चुकून खाल्ले गेले म्हणून घाबरायचे किंवा त्या दिवशीची गोळी चुकवायची मुळीच गरज नाही.

खरी काळजी कुठे घ्यायची ते एका उदाहरणाने पाहू. समजा, साठीचे एक गृहस्थ रोज सकाळी पाच मिलिग्रॅमची फेलोडिपिन घेतात. गोळीवर त्यांचा रक्तदाब १३६/८४ असा छान आहे. ते तीन महिन्यांसाठी आखातात मुलाकडे जातात. तिथे फ्रिजमध्ये ग्रेपफ्रूटच्या रसाची खोकी असतात आणि पाहुणचार म्हणून रोज न्याहारीला एक पेला मिळतो. दोन-तीन दिवसांतच गोळीनंतर तासा-दोन तासांनी चेहरा गरम होऊन लाल होतो, डोके ठणकते, छातीत धडधडते. बसल्याजागेवरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाब मोजला तर १०२/६०. तिथल्या डॉक्टरला रसाचे कोणी सांगत नाही. त्याला वाटते गोळी जास्त होते आहे, म्हणून तो ती निम्मी करतो. गृहस्थ बरे होतात. पुढे गावी परत येतात, रस सुटतो, पण गोळी निम्मीच राहते. महिन्याभराने मोजले तर रक्तदाब १६०/९६. दोन्ही वेळी दोष गोळीवर गेला, पेल्याकडे कोणी पाहिलेच नाही. अशा वेळी डॉक्टरांना एकच वाक्य सांगायचे असते, "इथे आल्यापासून मी रोज हा रस पितो." मग गोळी न बदलता रस बंद करून तीन-चार दिवसांनी पुन्हा मोजले की उत्तर मिळते. बसून एकदा आणि उठून उभे राहिल्यावर एकदा, असे दोनदा मोजावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा अधिकने घसरत असेल तर ती अंधारी रक्तदाबाचीच आहे.

इथे एक फरक ओळखायला हवा. अॅम्लोडिपिन घेणाऱ्या पुष्कळांचे घोटे सुजतात, विशेषतः दहा मिलिग्रॅमची गोळी असेल तर. हा त्या गोळीचाच गुण आहे. कालच्या मोसंबीचा त्याच्याशी संबंध नाही. सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा, फळे सोडून ती उतरणार नाही.

आता आपल्या बाजारातली फळे. आपल्याकडे जालन्याकडून येणारी मोसंबी ही गोड संत्र्याच्याच जातीची आहे, तिच्यात ती त्रासदायक द्रव्ये नसल्यासारखीच असतात. नागपूरचे संत्रेही चालते. नाशिकच्या द्राक्षांचा तर या प्रकरणाशी नावापुरताच संबंध आहे. भाजीत पिळलेल्या लिंबाच्या फोडीने काही बिघडत नाही. पपनसाचे मात्र तसे नाही. ग्रेपफ्रूटमधली द्रव्ये त्यातही असतात. तुमच्या गोळीचे नाव फेलोडिपिन, निफेडिपिन किंवा सिल्निडिपिन असेल, तर पावसाळ्याच्या अखेरीस बाजारात पपनस आले की ते इतरांना खाऊ द्या. निफेडिपिनचे निम्म्याच्या आसपास भाग रक्तात पोहोचतात, म्हणून तिची वाढ फेलोडिपिनइतकी मोठी नसते, पण होते. सिल्निडिपिन अलीकडे आपल्याकडे खूप लिहिली जाते, आणि तीही ग्रेपफ्रूटने वाढते. गोळीच्या पट्टीवर कंपनीचे नाव मोठे आणि औषधाचे नाव बारीक असते. ते बारीक नाव औषधवाल्याकडून वाचून घ्या.

अॅम्लोडिपिनबरोबर पुष्कळांना चरबीची गोळीही असते. ती सिम्व्हास्टॅटिन किंवा अॅटोर्व्हास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळण्याचे खरे कारण तीच आहे, अॅम्लोडिपिन नव्हे. तिचे प्रमाण वाढले की मांड्या-दंड विनाकारण दुखतात आणि कधी लघवी चहासारखी गडद होते. असे झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सिम्व्हास्टॅटिनला तर अॅम्लोडिपिन स्वतःच वाढवते, म्हणून या दोन्ही एकत्र असतील तर सिम्व्हास्टॅटिन दिवसाला वीस मिलिग्रॅमच्या वर देऊ नये, असे अमेरिकेच्या औषध खात्याने २०११ साली सांगितले.

फळांपेक्षा या विकराला जास्त हलवणारी दोन औषधे आपल्या वस्त्यांत वरचेवर येतात. घसा-छातीच्या दुखण्यावर दिली जाणारी क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलेही विकर रोखते. तिच्यासोबत अॅम्लोडिपिनसुद्धा वाढते आणि म्हाताऱ्या माणसांचा रक्तदाब धोकादायक रीतीने खाली येऊ शकतो. क्षयाची रिफॅम्पिसिन नेमके उलट करते. ती विकर इतके वाढवते की रक्तदाबाची गोळी अंगाला लागतच नाही. म्हणून क्षयाचा उपचार सुरू झाला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्तदाब पुन्हा मोजून घ्या. तो संपल्यावर काही आठवड्यांनी आणखी एकदा मोजा, कारण तेव्हा वाढवलेली गोळी जास्त होऊ लागते.