डोकं काढू नका, कडा कापा



आपल्याकडे फोटो स्टुडिओला चिठ्ठी लिहायची वेळ आली की एकच वाक्य लिहिलं जातं: "कोपऱ्यात एका माणसाचं डोकं आलं आहे ते काढून टाकावे." लग्नाचा अल्बम असो, पंचकल्याणकाचा असो, नाहीतर घरच्या चौक्याचा, वाक्य हेच. माझा या वाक्यावर राग आहे. ते अर्धवट आहे, आणि अर्धवट वाक्याचा अर्थ स्टुडिओतला मुलगा आपल्या सोयीनं लावतो.

"काढून टाका" म्हटलं की तो कॉम्प्युटरवर ते डोकं पुसतो. पुसलेल्या जागी काहीतरी भरावं लागतं. मग शेजारची फरशी, भिंत, पडदा, जे मिळेल ते उचलून तिथे चिकटवतो. "कडा कापा" म्हटलं तर तो फोटोची तेवढी पट्टी उडवतो आणि उरलेला भाग जसाच्या तसा राहतो. पहिल्या कामात फोटोत नसलेली गोष्ट येते, दुसऱ्यात असलेली गोष्ट कमी होते. कमी सांगणं आणि खोटं सांगणं यातला फरक आपल्याला कुणी वेगळा शिकवायला नको.

आमच्या घरचंच उदाहरण सांगते. सासूबाईंनी मुनीमहाराजांना आहार दिला, त्या दिवसाचा हा फोटो. आता त्यांच्यानं फार वेळ उभं राहवत नाही, त्यामुळे पुन्हा चौका लागला तरी त्या असतील असं नाही. महाराजांच्या अंजलीवर त्यांचा हात आहे असा हा एकच फोटो. उजवीकडे खालच्या कोपऱ्यात दर्शनाला आलेल्या एका गृहस्थांचं डोकं आहे. घरातलं कुणी त्यांना ओळखत नाही.

हे डोकं तिथे येतंच, आणि त्याला कारण आहे. चौक्यात शुद्ध वस्त्राशिवाय पाऊल टाकता येत नाही. म्हणजे फोटोग्राफर उंबऱ्याबाहेर, आणि दर्शनाला आलेली मंडळीही उंबऱ्याबाहेर, त्याच्या पुढ्यात. जागा अरुंद म्हणून तो जास्तीत जास्त रुंद दिसेल असं लेन्स लावतो. अशा लेन्समध्ये जवळची वस्तू आहे त्यापेक्षा मोठी दिसते, कडेची वस्तू ताणली जाते, आणि फ्लॅशचा उजेड आधी जवळच्या माणसावर पडतो. त्यामुळे महाराज आणि सासूबाई मागे, आणि पुढे एक मोठं, पांढरट, धूसर डोकं. त्या गृहस्थांचा काहीच दोष नाही. हात जोडून उभे होते बिचारे.

आमच्या भाऊजींनी स्टुडिओला वरचं तेच वाक्य लिहून पाठवलं. चार दिवसांनी नवा प्रिंट आला. डोकं गेलं होतं. पण हात जोडलेली बोटं कपाळापुढे होती, ती तशीच हवेत राहिली. डोकं काढा असं सांगितलं होतं, बोटांचं कुणी सांगितलं नव्हतं! डोक्याच्या जागी शेजारची फरशी आणून भरलेली, तिच्या सांध्यांच्या रेघा मूळ रेघांना मिळत नव्हत्या. फरशीबरोबर तिथलं पितळी तपेलंही उचललं गेलं, त्यामुळे एका तपेल्याची दोन तपेली झाली, दोन्हींवर एकच चमक, एकाच जागी. आणि सासूबाईंच्या पदराची कड पुसट झालेली. सासूबाई म्हणाल्या, "हे दुसरं तपेलं कुणाचं गं? मी तर एकच मांडलं होतं."

पुसलेला फोटो ओळखायचा असेल तर अशाच जागा बघा. फरशीच्या किंवा रांगोळीच्या रेघा तुटतात का, एकच नक्षी दोनदा दिसते का, माणूस नसताना त्याची सावली उरली आहे का. मोबाईलवर लहान दिसतं तेव्हा हे लक्षात येत नाही. प्रिंट हातात आल्यावर दिसतं.

आता कापायचंच तर कुठून, हा खरा प्रश्न. "कापा" एवढंच लिहिणंही पुरत नाही. आमचा प्रिंट बारा इंच रुंद, आठ इंच उंच. शिवणाच्या टेपनं मोजलं. ते डोकं उजव्या कडेपासून पाऊण इंच आत आणि खालून दोन इंच वर येत होतं. पुढची बोटं धरली तर आत जेमतेम एक इंच. म्हणजे दोन वाटा: उजवीकडून एक इंच कापायचा, नाहीतर खालून दोन इंच. खालून कापलं तर महाराजांचे चरण जातात, कारण ते खालच्या कडेपासून एकाच इंचावर आहेत. चरण कापलेला फोटो कोण घरात ठेवेल? उजवीकडून कापलं तर नुसती चौकट आणि भिंत जाते. सासूबाईंचं कोपर दीड इंच आत आहे, त्याला धक्का लागत नाही.

पण उजवीकडून इंच गेला की फोटो अकरा बाय आठ झाला. अल्बमचा खिसा बारा बाय आठचा. इथे स्टुडिओ आपल्या मनानं काय करतो? एक तर दहा बाय आठ या ठरलेल्या मापात बसवतो, म्हणजे डावीकडूनही एक इंच जातो, आणि आमच्या फोटोत डावीकडे जाऊबाई ताट घेऊन उभ्या आहेत. नाहीतर उरलेला भाग वाढवून पुन्हा बारा बाय आठ करतो. वाढवायचं तर रुंदीच्या प्रमाणात उंचीही घटवावी लागते: अकरा इंचाला सव्वासात इंचांपेक्षा किंचित जास्त. म्हणजे उंचीतून साधारण पाऊण इंच जाणार. तो खालून घेतला तर चरण कडेला टेकतात. वरून घेतला तर महाराजांच्या मस्तकावर सव्वा इंच मोकळी भिंत आहे, तिच्यातला अर्धा इंच तरी उरतो. म्हणून "वरून" हा शब्द चिठ्ठीत हवाच. तो नसेल तर मुलगा वरून थोडं, खालून थोडं असं दोन्हीकडून कापतो. तेच त्याला सोपं पडतं.

यावर स्टुडिओवाले म्हणतात, "ताई, वाढवलं की फोटो फाटेल." हे बहुतेक वेळा खरं नसतं. आमची मूळ फाइल सहा हजार ठिपके रुंद आहे. इंचभर कापल्यावर साडेपाच हजार उरतात. ते बारा इंचांवर पसरले तर इंचाला साडेचारशेच्या वर पडतात, आणि चांगल्या प्रिंटला तीनशे पुरतात. फाटतो तो व्हॉट्सॲपवर आलेला फोटो. तो बऱ्याचदा जेमतेम सोळाशे ठिपक्यांचा असतो, असा कापून बारा इंचांवर नेला की इंचाला सव्वाशेसुद्धा उरत नाहीत. म्हणून चिठ्ठीत मूळ फाइलचा नंबर लिहायचा आणि "व्हॉट्सॲपवरून घेऊ नये" असं स्पष्ट म्हणायचं.

आणखी एक. बिनकिनारीचा प्रिंट काढताना मशीन फोटो कागदापेक्षा किंचित मोठा धरतं, त्यामुळे चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर आपोआप जातात. चरण आधीच कडेजवळ असतील तर पांढरी किनार ठेवूनच छापायला सांगावं.

काय कापायचं ते दाखवायला प्रिंटवर बटर पेपर ठेवून पेन्सिलीनं चौकट आखावी. प्रिंटच्या पाठीवर शाईच्या पेननं कधीही लिहू नका. प्रिंट एकावर एक ठेवले की ती शाई खालच्या फोटोच्या चेहऱ्यावर उतरते.

शेवटी मी भाऊजींच्या हातातून काम घेतलं आणि ही चिठ्ठी पाठवली:

"सप्रेम जय जिनेंद्र. फाइल DSC_0417.JPG, बारा बाय आठ. उजव्या खालच्या कोपऱ्यात दर्शनाला आलेल्या गृहस्थांचं डोकं आहे. ते पुसू नये, आतलं काहीही भरू अथवा बदलू नये. उजव्या कडेची एक इंच पट्टी पूर्ण कापावी. माप जुळवण्यासाठी उरलेलं फक्त वरून कापावं. खालून आणि डावीकडून काहीही कापू नये. मूळ फाइलवरून, पांढरी किनार ठेवून, बारा बाय आठवर छापावं. छापण्याआधी कापलेली प्रत मोबाईलवर दाखवावी. मूळ फाइल आहे तशी ठेवावी. सोबत आखलेला बटर पेपर जोडला आहे."

एवढी लांब चिठ्ठी लिहायची का, फोनवर सांगता आलं असतं, असं घरात झालंच. फोनवर "उजवीकडे" म्हणजे आपल्या उजवीकडे की फोटोतल्या माणसाच्या, यावरच घोळ होतो. आणि फोन घेणारा एक, फोटो कापणारा दुसरा. कागद मात्र त्याच्या टेबलापर्यंत जातो.

काही डोकी कापून जात नाहीत, हेही सांगते. डोकं पदरावर किंवा हातावर आलं असेल तर कड कापून उपयोग नाही, आपलं माणूसच अर्धं होईल. तिथे मी फोटो तसाच ठेवीन. आणि अल्बम एकदा बांधून आला असेल, जाड पानांचा, पानं पाठीला पाठ चिकटवलेला, तर एक फोटो बदलण्यासाठी पूर्ण पान नव्यानं छापून बांधणी उसवावी लागते. म्हणून डिझाइन मोबाईलवर येतं तेव्हाच कोपरे बघा. आपण सगळ्याजणी चेहरे बघतो, साड्या बघतो आणि "छान आहे" लिहून मोकळ्या होतो.

एका मैत्रिणीनं मला विचारलं की पंगतीच्या फोटोत कोपऱ्यात भांडी उचलणाऱ्या बाई दिसतात, त्यांच्यासाठी हीच चिठ्ठी चालेल का. चालेल म्हणजे माप तेच चालेल. पण त्या परक्या नाहीत. सकाळपासून त्या तुमच्याच मांडवात राबत होत्या. त्यांना अल्बममध्ये एखादा नीट फोटो आहे का ते आधी बघा, मग टेप काढा.

आमचा नवा प्रिंट मागच्या आठवड्यात आला. तपेलं एकच आहे.