नुसतं खाकरून काय होणार?

शेजारच्या टेबलावरचा फोनवर मोठ्याने बोलू लागला की इथल्या अमेरिकन ऑफिसातले आपले देशी लोक काय करतात? खाकरतात, उसासे टाकतात, नाहीतर सगळ्या टीमला 'कृपया शांतता राखा' अशी मेल ठोकतात. मला हे साफ नामंजूर आहे. मेल कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळतं आणि त्या बिचाऱ्याची उगाच शोभा होते. (खाकरणं तर त्याला ऐकूच जात नाही!)

अहो, बहुतेकदा तो उद्धट नसतो. दोन्ही कान झाकणाऱ्या हेडसेटमध्ये स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत आवाज चढवतो. कोणी सांगितल्याशिवाय त्याला कळणार कसं? कॉल संपल्यावर थोड्या वेळाने, आजूबाजूला कोणी नसताना सांगा: "या हेडसेटमध्ये तुला तुझा आवाज ऐकू येत नसावा. इकडे सगळं ऐकू येतं आणि माझं कोडमधलं लक्ष उडतं. एक कान उघडा ठेवून बघतोस का?" काही हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज कानात ऐकवणारी 'साइडटोन' नावाची सोय असते, ती चालू केली तरी बऱ्याचदा भागतं. 'तू नेहमी ओरडतोस' हे मात्र म्हणू नका, 'नेहमी' या शब्दावरच वाद सुरू होतो. तास-तासाचे कॉल असतील तर ते मीटिंग रूममध्येच घे म्हणावं. तिथे हेडसेटचा इलाज पुरत नाही.