कपातीचे पत्र आले तर सही करण्याआधी काय पाहाल?

तेरसारख्या गावातून पुण्यात नोकरीला गेलेली आपली मुले फोन करतात तेव्हा त्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो, "एचआरने बोलावलंय, सही करू का?" गेल्या वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. पुढे पुण्यात राजीनाम्यासाठी दबाव आणल्याचा आरोप आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केला आणि कंपनीने तो फेटाळला. त्या वादात खरे कोण, हे आम्ही येथे ठरवत नाही. पण कपात आणि राजीनामा या दोन शब्दांत किती पैशांचा फरक आहे, हे आपल्या तरुणांना माहीत असायला हवे.

राजीनामा दिला की तुम्ही स्वतःहून गेलात असे कागद बोलतो आणि कपातीची नुकसानभरपाई मागण्याचा आधारच जातो. म्हणून पत्रावर आधी विषय वाचा. पद रद्द झाले, काम कमी झाले असे कारण त्यात लिहिलेले असेल तर ती कपात आहे. तोंडी कपात सांगून राजीनाम्याचा मसुदा पुढे केला तर सही न करता वेळ मागा आणि "मला कपातीचे लेखी पत्र द्या" असा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

आता हिशोब. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मिळते. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांहून जास्त असेल तर तेही पूर्ण धरतात.

समजा, तेरचा एक तरुण जून 2019 मध्ये लागला आणि जानेवारी 2026 च्या अखेरीस कमी झाला. सेवा साडेसहा वर्षांहून थोडी जास्त, म्हणून सात वर्षे. दरमहा एकूण पगार 32,000 रुपये, त्यात मूळ वेतन फक्त 12,000 आणि बाकी घरभाडे, प्रवास असे भत्ते. कंपनी 12,000 वर हिशोब मांडते: अर्ध्या महिन्याचे 6,000, गुणिले सात, म्हणजे 42,000. येथेच चूक होते. नव्या व्याख्येनुसार वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच मोजायचा. म्हणजे वेतन किमान 16,000 आणि भरपाई 56,000 होते. ग्रॅच्युइटी वेगळी. तिला महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून 16,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले सात, म्हणजे सुमारे 64,615 रुपये. हे दोन आकडे पत्रात एकाच ओळीत मिसळलेले असतील तर वेगळे करून मागा. याखेरीज पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीतून 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात येण्याची तरतूद आहे.

दुसरी गोष्ट तारखांची. "फुल अँड फायनल 45 दिवसांत" हे वाक्य पत्रात सर्रास दिसते. पण वेतन संहितेप्रमाणे राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे, ग्रॅच्युइटी तीस दिवसांत आणि कपातीची भरपाई तर कपात करतानाच. भरपाई न देता केलेली कपात कायद्याच्या अटीतच बसत नाही, आणि तक्रारीत हा मुद्दा सगळ्यात भक्कम ठरतो.

तिसरी गोष्ट लॅपटॉप, ओळखपत्र, सिम यांची. या वस्तू परत कराव्याच लागतात, त्या अडवून धरून पैसे मागू नका. फक्त परत देताना सिरीयल नंबर आणि स्थिती लिहिलेली पोच घ्या. घरून काम करणाऱ्याने तेरहून कुरिअर केला तर पेटी बंद करण्यापूर्वीचे फोटो आणि पावती ठेवा. आपली पगारपत्रके, नेमणूकपत्र आणि पीएफचे तपशील आधी स्वतःकडे घ्या, कंपनीची माहिती मात्र घेऊ नका. वस्तू हरवली वा तुटली म्हणून पगारातून कपात करायची तर नुकसान तुमच्या हलगर्जीपणामुळेच झाले असावे, आणि आधी लेखी कळवून तुमचे म्हणणे ऐकलेले असावे. चार वर्षे वापरलेल्या लॅपटॉपला नव्याची किंमत लावली असेल तर आकडा कसा काढला, ते विचारा.

याला मर्यादाही आहे. व्यवस्थापक, आणि दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, कपातीच्या भरपाईसाठी 'कामगार' ठरत नाही. त्याला नेमणूकपत्रातील अटींवर भांडावे लागते. पण हे ठरते ते प्रत्यक्ष कामावरून. नुसते 'मॅनेजर' असे पदनाम पुरेसे नाही. म्हणून तुम्ही रोज काय करत होता, कोणाला रजा मंजूर करण्याचा अधिकार होता का, हे लिहून ठेवा.

तक्रार करायची ती जिथे काम केले तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात, म्हणजे पुण्याला नोकरी असेल तर पुण्यात. तोवर "मला काहीही येणे बाकी नाही" अशा ओळीखाली सही करू नका. पैसे घ्यावे लागलेच, तर "हिशोब अमान्य, हक्क राखून" असे हाताने लिहूनच सही करा आणि त्या पानाचा फोटो घ्या.