विश्लेषण : क्यूआर कोड स्कॅन करून पैसे खात्यात का येत नाहीत? फसवणूक पडद्यावरच कशी उघडी पडते?

जुना सोफा विकण्याची जाहिरात ऑनलाइन टाकली की काही मिनिटांत फोन येतो. पलीकडचा माणूस घासाघीस करत नाही. आपण लष्करात आहोत, बदली झाली आहे, सामान न्यायला माणूस पाठवतो, असे सांगतो आणि 8,500 रुपये आगाऊ द्यायला तयार होतो. विश्वास बसावा म्हणून 5 रुपये खरोखर पाठवतो. मग व्हॉट्सअॅपवर एक क्यूआर कोड येतो. ‘हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.’ विक्रेता तसे करतो आणि त्याच्याच खात्यातून 8,500 रुपये जातात.

क्यूआर कोडमध्ये नेमके काय असते?

चौकटीतल्या त्या ठिपक्यांत पैसे नसतात, असतो फक्त मजकूर. यूपीआयचा कोड उलगडला तर साधारण अशी ओळ दिसते :

```
upi://pay?pa=xyz@bank&pn=SOFA%20BUYER&am=8500&cu=INR&tn=Receive%208500
```

सुरुवातीचा `pay` हा शब्द महत्त्वाचा. त्याचा अर्थ ‘पैसे द्या’. `pa` म्हणजे पैसे ज्याला मिळणार त्याचा यूपीआय पत्ता, `am` म्हणजे रक्कम आणि `tn` म्हणजे शेरा. स्कॅन करणाऱ्याचे खाते या ओळीत कुठेच नसते. अॅप ही ओळ वाचते आणि पैसे पाठवण्याचा अर्ज आपोआप भरून देते. म्हणूनच किराणा दुकानात कोड दुकानदाराचा असतो आणि स्कॅन गिऱ्हाईक करते. कोड दाखवणारा घेणारा, स्कॅन करणारा देणारा.

काही एटीएमवर कोड स्कॅन करून रोख रक्कम काढता येते, तो अपवाद वाटू शकतो. पण तिथेही नोटा हातात येतात त्या स्वतःच्याच खात्यातून वजा होऊन. खात्यात भर पडत नाही.

मग ‘Receive’ असे का दिसते?

कारण तो शेरा कोड बनवणाऱ्याने स्वतः लिहिलेला असतो. तिथे ‘रिफंड’, ‘बक्षीस’, काहीही लिहिता येते आणि त्याचा व्यवहाराच्या दिशेशी काडीचा संबंध नसतो. कोडच्या चित्राभोवतीचे बोधचिन्ह आणि मजकूरही असाच कुणीही जोडू शकतो. `pn` मधले नावही मनाचे असू शकते. त्यामुळे 2025 मध्ये राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, कोडमधले नाव न दाखवता बँकेत नोंदलेले नाव दाखवण्याचे बंधन अॅपना घातले. सोफा घेणारा एक नाव सांगतो आणि पडद्यावर भलतेच दिसते, तेव्हा तिथेच थांबायला हवे.

पडदा काय सांगतो?

स्कॅन झाल्यावर येणाऱ्या पडद्यावर समोरच्याचे नाव, रक्कम आणि ‘Pay’ हे बटण असते. खाली तुमच्या बँकेचे नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसतात, कारण पैसे तिथून जाणार असतात. त्यानंतर पिनचा पडदा येतो. त्यावर रक्कम आणि ती कोणाला जाते आहे हे पुन्हा लिहिलेले असते. शब्दरचना अॅपनुसार थोडी बदलते, दिशा बदलत नाही.

पिन ही खात्यातून पैसे काढण्याची संमती आहे. शिल्लक पाहायलाही ती लागते, पण पैसे स्वीकारायला कधीच लागत नाही. याचा पुरावा विक्रेत्याकडेच होता. सुरुवातीचे 5 रुपये आले तेव्हा त्याने काहीच स्कॅन केले नव्हते, पिनही टाकला नव्हता. समोरच्याकडे त्याचा यूपीआय पत्ता आधीच होता. 8,500 रुपयेही तसेच पाठवता आले असते.

तरीही लोक का फसतात?

कारण पडदा वाचायला वेळच मिळत नाही. फोन सुरू असतो, स्पीकरवर पुढची पायरी सांगितली जाते, ‘लवकर करा, वेळ संपेल’ अशी घाई केली जाते. रक्कम कापली गेल्यावर दुसरा डाव येतो : ‘चूक झाली, आता 17,000 चा कोड पाठवतो, दोन्ही मिळून परत येतील.’ घाबरलेला माणूस पुन्हा स्कॅन करतो.

कुणी पैसे मागण्याची विनंती पाठवून असेच फसवत असे. व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय एनपीसीआयने 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद केली. क्यूआर कोड मात्र बंद करता येत नाही, कारण दुकानातला खरा व्यवहारही त्याच ओळीवर चालतो.

पैसे गेलेच तर?

पिन खातेदाराने स्वतः टाकलेला असल्याने बँकेच्या लेखी व्यवहार मंजूर ठरतो आणि रक्कम परत मिळणे कठीण होते. तरी लगेच 1930 वर फोन करावा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत हलवली जाण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता असते. त्यासाठी व्यवहार क्रमांक लागतो, तो अॅपमधल्या व्यवहारांच्या यादीत मिळतो.